चुनखडकाच्या जागेवर बांधायचंय? पोकळ्या, सिंकहोल आणि तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं माती-खडक तपासणीचं ऑफिस कोल्हापुरात. इथं पायाखाली काळा कातळ, त्यामुळे चुनखडकाशी आपला संबंध शहाबादी फरशीपुरता. पण गेल्या काही वर्षांत इथले व्यापारी आणि कॉन्ट्रॅक्टर निपाणी-चिकोडीवरून पुढे मुधोळ, लोकापूर, बागलकोट भागात गोडाऊन आणि शेड बांधायला लागलेत. त्या पट्ट्यात खरा चुनखडक आहे, लोकापूरला सिमेंटचे कारखाने त्यावरच उभे आहेत. तिथून फोन येतात आणि पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून उत्तरं इथं एकत्र केली. आधी कुठंतरी सांगून झालेली गोष्ट परत न लिहिता त्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. खडकात पोकळी होतेच कशी? आणि सिंकहोल म्हणजे नेमकं काय?

पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि किंचित आम्ल होतं. आपल्या काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर, त्याचा लगेच काही परिणाम दिसत नाही, चुनखडक मात्र त्यात विरघळतो. सगळीकडे सारखा नाही. पाणी जिथून जातं, म्हणजे फटी, सांधे आणि दोन थरांमधल्या जागा, तिथंच तो झिजतो. त्यामुळे केसाएवढी फट हजारो वर्षांत हातभर होते, कुठं कुठं माणूस शिरेल एवढी होते. आंध्रातली बेलमची गुहा अशीच झाली, ती तीन किलोमीटरहून लांब आहे.

सिंकहोल ही पुढची गोष्ट. बहुतेक वेळा खडकाचं छप्पर कोसळत नाही, खडकावरची माती खाली जाते. पाण्याबरोबर ती फटीतून कणाकणाने उतरते आणि मातीत खालून वर एक घुमट तयार होत जातो. वरून जमीन ठणठणीत दिसते, त्यावर ज्वारीसुद्धा येते. घुमटाचं छप्पर पातळ होऊन एके दिवशी बसतं आणि मग लोक म्हणतात "अचानक खड्डा पडला". खड्डा अचानक दिसला एवढंच. आत तो किती वर्षं होत होता कुणास ठाऊक.

२. कोल्हापूर शहरात सिंकहोल होऊ शकतो का? रस्ता खचला की बातमीत तेच लिहितात.

या अर्थाने नाही. शहराखाली बेसॉल्ट आहे आणि तो असा विरघळत नाही. रस्त्यात खड्डा पडला तर आधी ड्रेनेजची फुटलेली लाइन बघा, मग गळकी पाण्याची पाइप, मग कधीकाळी बुजवलेली विहीर. जुन्या पेठांमध्ये या बुजवलेल्या विहिरी नकाशावर नसतात, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत असतात.

ग्वाटेमाला शहरात २००७ आणि २०१० साली पडलेल्या त्या भयानक गोल विहिरींचे फोटो अजून फिरतात. तिथंही चुनखडक नव्हता. ज्वालामुखीच्या राखेचा सैल थर होता आणि सांडपाण्याने तो आतून पोखरला होता. खड्डा सारखाच दिसला तरी कारण वेगळं असू शकतं आणि तपासणीही त्या कारणाप्रमाणे बदलते. पन्हाळा-गगनबावड्याकडच्या जांभ्याबद्दल प्रश्न १४ बघा.

३. आमच्या शेतात भरपूर चुनखड आहे. घर बांधायला धोका आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, शिरोळ-हातकणंगल्याकडून तर हमखास. काळ्या मातीत जे पांढरे खडे सापडतात ते मातीतच तयार झालेले चुन्याचे गोळे आहेत. त्यांच्याखाली चुनखडक असेलच असं नाही, आपल्याकडे तर नसतोच. त्यांच्यामुळे पोकळी होत नाही. काळ्या मातीचं फुगणं-आकसणं हा तुमच्या घराचा खरा प्रश्न आहे, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल.

४. चुनखडक लाखो वर्षं तसाच आहे. मग माझी शेड बांधल्यावरच का खचेल?

इमारतीच्या आयुष्यात खडक विरघळून पोकळी होत नाही, तो वेग फारच कमी आहे. पोकळी आणि फटी आधीपासून असतात. आपण बांधकाम करतो तेव्हा पाण्याची वाट बदलतो, आणि इतकी वर्षं फटीच्या तोंडाशी बसून राहिलेली माती हलायला लागते.

पाणी दोन प्रकारे घात करतं. वरून एकाच ठिकाणी जास्त पाणी सोडलं की ते माती धुऊन खाली नेतं. पन्हळीचं पाणी, गळकी टाकी, शोषखड्डा, न बांधलेली चारी ही त्यातली नेहमीची मंडळी. दुसरा प्रकार खालून होतो. भूजल उपसून पातळी खडकाच्या माथ्याखाली नेली की मातीला असलेला पाण्याचा आधार जातो आणि वरचं पाणी जोराने खाली ओढलं जातं.

दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यात वाईट उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याच्या खाणी कोरड्या ठेवण्यासाठी वरच्या डोलोमाइटमधलं पाणी उपसत होते. डोलोमाइट हा चुनखडकाचाच भाऊ. डिसेंबर १९६२ मध्ये वेस्ट ड्रिफॉन्टेन खाणीवर दगड फोडायचा अख्खा प्लँट जमिनीत गेला आणि २९ माणसं गेली. प्लँटचं वजन तिथं आधीपासून होतंच, बदलली होती ती पाण्याची पातळी.

५. आमच्याकडे सॉइल रिपोर्ट आहे. तीन बोअर मारले, तिन्हींत दोन मीटरच्या आसपास खडक लागला. पुरेसं नाही का?

कोल्हापुरात पुरेसं झालं असतं. चुनखडकात नाही, आणि त्यामागचं गणित कुणालाही करता येतं.

समजा शेड ३६ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद आहे, म्हणजे ८६४ चौरस मीटर. तिच्याखाली कुठंतरी तीन मीटर व्यासाची एक पोकळी आहे, तिचं क्षेत्र सुमारे सात चौरस मीटर. कुठंही मारलेला एक बोअर तिच्यावर पडण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. तीन बोअर मिळून अडीच टक्के. म्हणजे पोकळी असूनही शंभरांतल्या सत्त्याण्णव वेळा रिपोर्ट "खडक चांगला" असाच येणार, आणि रिपोर्ट लिहिणारा खोटंही बोललेला नसणार. तीच पोकळी नक्की सापडायची तर दोन मीटरच्या जाळीवर बोअर घ्यावे लागतील. ते होतात सुमारे दोनशे. एवढे कुणी मारत नाही, मारूही नयेत.

दुसरी अडचण खडकाच्या माथ्याची. बेसॉल्टचा माथा बहुधा हळूहळू चढतो-उतरतो. चुनखडकाचा माथा दातांसारखा असतो, इथं सुळका तर दीड मीटरवर मातीने भरलेली खोल घळ. तीन बोअर तीन सुळक्यांवर पडले तर रिपोर्टमध्ये सपाट खडक दिसतो. शिवाय मातीत अडकलेला मोठा सुटा दगडही "खडक लागला" म्हणून नोंदला जातो. खडक लागल्यावर बोअर अर्धा मीटर पुढे नेऊन थांबवला तर सुटा दगड कोणता आणि खरा खडक कोणता हे कळायला मार्ग नाही.

६. मग तपासणी सुरू कुठून करायची?

जागेवर पायी फिरून, आणि शक्यतो पावसाळ्यात किंवा मोठ्या पावसानंतर. त्याआधी एक दिवस कागदांना द्यायचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे ऑनलाइन मिळतात, त्यात खडक कुठला आणि सांधे-भ्रंश कुठल्या दिशेने जातात ते दिसतं. सॅटेलाइटचे जुने-नवे फोटो लावून गोल ओलसर डाग, अर्ध्यातच नाहीसा होणारा ओढा, एका रेषेत असलेले खोलगट भाग शोधायचे. आसपास दगडाची खाण असेल तर तिथं जायलाच हवं. खाणीच्या उभ्या भिंतीत तुमच्या प्लॉटखालचं चित्र फुकट बघायला मिळतं: फटी किती रुंद, किती खोल, त्यांत लाल माती आहे की हवा.

फिरताना आम्ही एकच गोष्ट विचारत राहतो, पाणी कुठं जातं? शेतकऱ्याला सिंकहोल हा शब्द माहीत नसतो, पण कुठल्या वाफ्यात पाणी टिकत नाही, कुठल्या विहिरीला पाऊस पडला की तासाभरात गढूळ पाणी येतं आणि बांध दरवर्षी कुठं बसतो, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल.

७. "जमिनीचा स्कॅन" करून देतो म्हणणारे भेटले. बोअरऐवजी तो चालेल?

बोअरऐवजी नाही, बोअरच्या आधी चालेल. बहुतेक वेळा ते विद्युत रोधकतेचा सर्व्हे करतात. एका ओळीत सळया ठोकून जमिनीत करंट सोडतात आणि कुठला भाग करंटला किती अडवतो त्याचं रंगीत चित्र काढतात. ओली लाल माती करंट सहज जाऊ देते, अखंड चुनखडक अडवतो. म्हणून मातीने भरलेली घळ चित्रात उठून दिसते आणि तेच आपल्याला हवं असतं. हवेने भरलेली पोकळी मात्र करंट अडवते, आणि आजूबाजूचा खडकही अडवतोच, त्यामुळे ती लपून राहू शकते. "लाल म्हणजे पोकळी, निळं म्हणजे पाणी" असं छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

दुसरी मर्यादा लांबीची आहे आणि ती विकणारा सांगत नाही. ओळीची जेवढी लांबी, तिच्या साधारण पाचवा-सहावा भाग खोली दिसते, तीही मध्यभागीच. पंधरा-सोळा मीटर खोल बघायचं तर ओळ नव्वद-पंचाण्णव मीटर हवी. प्लॉट चाळीस मीटरचा असेल तर शेजाऱ्याच्या रानात सळया ठोकायची परवानगी आधी काढावी लागते. आमचा अर्धा दिवस बहुतेक वेळा चहात आणि या परवानगीतच जातो.

८. रडारने बघितलं तर?

काळी किंवा चिकण माती वर असेल तर पैसे वाया. रडारच्या लहरी चिकण मातीत मीटरभरात, कधी त्याआधीच, विरून जातात. उघड्या खडकावर किंवा जुन्या काँक्रीटच्या फरशीखाली पोकळ झालंय का ते बघायला रडार चांगलं आहे (प्रश्न १५).

९. बोअर किती, कुठं आणि किती खोल?

जागा प्रश्न ६ आणि ७ मधून निघतात. सारख्या अंतरावर ठेवायचे नाहीत. संशयाच्या पट्ट्यावर दोन, त्याच्या काठावर एक आणि जिथं सगळं ठीक वाटतं तिथं तुलनेला एक, अशी सुरुवात करतो. खोली आधी ठरवत नाही. चांगल्या खडकात सलग पाच मीटर गेलं की थांबायचं, मध्ये पोकळी लागली तर तिच्या तळापासून मोजणी परत सुरू.

हा पहिला टप्पा झाला. दुसरा टप्पा पाया खोदताना, प्रत्येक फुटिंगच्या जागी. तिथं गाभा काढायचा बोअर लागत नाही, दगडखाणीत सुरुंगाची भोकं मारतात ते वॅगन ड्रिल पुरतं. काम स्वस्त आणि एका दिवसात बरीच भोकं होतात. हवेचा दाब तोच ठेवून दर ३० सेंटिमीटरला किती सेकंद लागले ते लिहायचं. खडकात चाळीस-पन्नास सेकंद लागत असताना एकदम पाचवर आलं की खाली काय आहे ते वेगळं सांगायला नको. प्रश्न ५ मधलं दोनशे बोअरचं कोडं यामुळे सुटतं. अख्ख्या प्लॉटखालची प्रत्येक पोकळी आपल्याला शोधायची नाही, वजन जिथं टेकणार तिथं पोकळी नाही एवढं पाहायचंय.

१०. बोअर चालू असताना मी मालक म्हणून काय बघू?

ड्रिलिंगचं पाणी. वर येणारं पाणी एकदम बंद झालं तर ते कुठल्यातरी फटीत चाललंय, किती खोलीवर ते लगेच लिहून घ्या. लालसर झालं तर फटीत माती आहे. दुसरी गोष्ट म्हणजे रॉड. पोकळी लागली की रॉड आपल्या वजनाने खाली जातो आणि मशिनचा आवाज एकदम हलका होतो. एकदा ऐकला की तो आवाज विसरत नाही.

अडचण अशी की बोअरवाल्याला मीटरवर पैसे मिळतात. रॉड ९० सेंटिमीटर पडला म्हणजे त्याला तेवढं फुकट मिळालं, थांबून लिहीत बसण्यात त्याचा वेळ जातो. म्हणून आम्ही नोंदीसाठी थांबण्याचे पैसे वेगळे धरतो आणि आमचा एक माणूस मशिनजवळ उभा असतो.

गाभ्याच्या पेटीतही खूण सापडते. दीड मीटरच्या एका फेरीत ६० सेंटिमीटरच गाभा आला, तर रिपोर्टमध्ये "४० टक्के" एवढंच छापतात. उरलेले ९० सेंटिमीटर गेले कुठं? एकाच जागी गेले असतील तर ती पोकळी, इकडेतिकडे थोडे थोडे गेले असतील तर भुगा झालेला खडक. टक्केवारी तीच, पाया मात्र दोन वेगळे.

११. प्रत्यक्षात हे कसं झालं ते एखाद्या कामावरून सांगाल का?

लोकापूरच्या बाजूचं काम, इथल्या एका गूळ-मका व्यापाऱ्याचं गोडाऊन. प्रश्न ५ मध्ये धरलेलं ३६ बाय २४ माप त्याचंच. कॉलम २१, तीन रांगांत. आधीचा रिपोर्ट तीन बोअरचा होता, खडक १.६ ते २.१ मीटरवर, सगळं झकास. पोकलेनने फुटिंग खोदायला सुरुवात केली. आठ खड्ड्यांत खडक लागला, नवव्यात बकेट तीन मीटर खाली गेला तरी तांबडी चिकट मातीच. मुकादमाचा फोन आला, "साहेब, हितं लोण्यात सुरी गेल्यागत जातंय."

आम्ही काम थांबवलं आणि आधी करायला हवं होतं ते आता केलं. प्लॉटच्या कोपऱ्याबाहेर, शेजारच्या रानात एक उथळ ताटासारखा भाग होता, पंधरा पावलं रुंद आणि गुडघाभर खोल. सगळीकडे चिखल आणि तिथं नाही. शेजारचे अण्णा म्हणाले, "तितं पाणी ऱ्हातच नाही बघा. आमच्या आज्यापासनं तसंच हाय." तीन बोअरवाले तिथून पन्नास पावलांवर दोन दिवस जेवत होते, कुणी विचारलं नाही.

अण्णांच्याच रानातून ४८ सळया दोन-दोन मीटरवर ठोकून रोधकतेच्या दोन ओळी घेतल्या. दोन्हींत कमी रोधकतेचा एक पट्टा आला. त्या दोन जागा नकाशावर जोडल्या तर रेषा त्या ताटातून येऊन गोडाऊन तिरकं कापत नवव्या फुटिंगखालून जात होती. पट्ट्यावरच्या पहिल्या बोअरमध्ये माती ५.१ मीटरपर्यंत, मग १.१ मीटर चांगला खडक. ६.२ वर पाणी गेलं आणि रॉड ७.१ पर्यंत पडला. त्याखाली ८.३ पर्यंत इतकी मऊ माती की प्रमाण भेदन चाचणीत दोन ठोक्यांत नळी फूटभर गेली. पुढं सलग खडक. तुलनेच्या बोअरमध्ये १.८ पासून शेवटपर्यंत एकसंध खडक.

मग सगळ्या २१ जागी वॅगन ड्रिल, पट्ट्यावरच्या पाचांना पाच-पाच भोकं. सोळा फुटिंग ठरल्याप्रमाणे खडकावर बसली. पाचपैकी तीन ठिकाणी निव्वळ मातीने भरलेली घळ होती. घळीच्या रुंदीच्या सुमारे दीडपट खोल माती काढून, कडा पाण्याने धुऊन काँक्रीट भरलं, आता भार दोन्ही बाजूंच्या खडकावर जातो. उरलेली दोन त्या पोकळीच्या डोक्यावर होती. तिथं खडकाच्या छपरावर भरवसा न ठेवता मायक्रोपाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले सडपातळ खांब, ८.३ मीटरखालच्या खडकात नेऊन रुतवले.

सगळ्यात मोठा वाद झाला तो पाण्यावरून. ८६४ चौरस मीटरच्या पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ४३ हजार लिटर पाणी होतं, मोठे चार टँकर. ड्रॉइंगमध्ये ते सगळं चार पन्हळींतून जोत्याशेजारी पडत होतं, त्यातली एक पन्हळ बरोबर पट्ट्यावर. शेवटी काँक्रीटची बंद चारी करून पाणी उताराच्या बाजूला नाल्यात सोडलं.

१२. पोकळीवर खडकाचं छप्पर किती जाड असेल तर चालतं?

ढोबळ नियम असा: अखंड, बिनफटीच्या चुनखडकाचं छप्पर पोकळीच्या रुंदीएवढं तरी हवं. वरची माती आणि फुटका खडक यात धरायचा नाही. बोअर तुम्हाला पोकळीची उंची देतो, रुंदी देत नाही, आणि खरी गोम इथंच आहे. प्रश्न ११ मधल्या बोअरने "९० सेंटिमीटर" सांगितलं, छप्पर १.१ मीटर. नुसतं बघून कुणीही म्हणेल बसलं नियमात. चारी बाजूंना मीटर-मीटरवर भोकं मारली तेव्हा रुंदी दोन मीटर निघाली आणि छप्पर निम्मंच ठरलं. मोठ्या भाराच्या इमारतीला हा नियम पुरत नाही, तिथं खडकाचे सांधे बघून रीतसर हिशेब करावा लागतो.

१३. पोकळी सापडली तर सिमेंट ओतून बुजवून टाकू. एवढा घोळ कशाला?

ओतून बघितलेले भेटतात. पातळ ग्राउट पोकळीत न थांबता फटींतून वाट काढत जातं, बॅगावर बॅगा रिकाम्या होतात आणि दाब काही वाढत नाही. म्हणून घट्ट मिश्रण घेतात, एका भोकात किती घालायचं याची मर्यादा आधी ठरवतात, आणि नंतर शेजारी नवीन भोक मारून खरंच भरलं का बघतात. मातीने भरलेल्या पोकळीत तर ग्राउट शिरतच नाही, माती तशीच राहते. शिवाय पाण्याची जुनी वाट बुजवली की ते नवी वाट शोधतं, कदाचित शेजारच्या कॉलमखालून. पाईल घेऊन सुटता येईल का असंही विचारतात: येतं, पण प्रत्येक पाईलच्या टोकाखाली पाच मीटर भोक मारून बघितलं तरच, कारण टोक तिरप्या सुळक्यावर किंवा पातळ छपरावरही बसू शकतं.

१४. पन्हाळ्याकडे जांभ्यावर बंगला बांधतोय. तिथं हे लागू आहे का?

जांभा विरघळून गुहा होत नाही, तरी पोकळी होते. वरचं कवच टणक आणि खालची माती साबणासारखी मऊ, पाणी ती माती उताराच्या बाजूने धुऊन नेतं आणि कवच अधांतरी राहतं. त्यामुळे प्रश्न ६ मधलं फिरणं आणि प्रश्न ९ मधली प्रत्येक फुटिंगखालची भोकं तिथंही कामाची. फरक एवढाच की "खडक लागला" म्हणून थांबायचं नाही, कवचाच्या पार जायचं. कड्याजवळ असाल तर पोकळीपेक्षा उतार घसरण्याची काळजी आधी करा.

१५. बांधकाम होऊन गेलंय, चुनखडकावरच आहे. आता काय बघू?

फरशी एका जागी पोकळ वाजते, दाराची चौकट अचानक अडकायला लागते, कंपाउंडजवळ गोल भेग पडते, पावसात साचणारं पाणी एके दिवशी साचेनासं होतं. भेग गोल किंवा चंद्रकोरीसारखी असेल तर त्या भागातला माल त्याच दिवशी हलवा, तिथं जाणारं पाणी बंद करा आणि मग फोन करा. खड्डा पडलाच असेल तर त्यात मुरूम टाकून रोलर फिरवू नका. तळाशी फटीचं तोंड उघडं असतं, मुरूम पुढच्या पावसात त्याच वाटेने जातो. आधी मोठे दगड घालून तोंड अडवायचं, त्यावर लहान दगड, मग खडी, वर वाळू आणि शेवटी माती, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती अडते.

१६. पावसाचं पाणी मुरवायचा शोषखड्डा सक्तीचा आहे. तो कुठं घेऊ? आणि तपासणीच्या बोअरचं काय करायचं?

शोषखड्डा आणि सेप्टिक टँकचा खड्डा दोन्ही इमारतीपासून आणि संशयाच्या पट्ट्यापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला. जागा नसेल तर मुरवण्याऐवजी टाकीत साठवायची योजना मंजुरीला द्या आणि तपासणीचा रिपोर्ट सोबत जोडा. प्लॉटमध्येच नवी बोअरवेल मारून जोरात उपसा करणार असाल तर प्रश्न ४ पुन्हा वाचा.

तपासणीची भोकं काम संपलं की सिमेंट ग्राउटने तळापासून वरपर्यंत भरून घ्यायची. उघडं राहिलेलं भोक म्हणजे वरच्या पाण्याला पोकळीपर्यंत जायचा सरळ पाइप. आमच्याच एका जुन्या कामात बोअरवाल्याने भोकात गोणपाट कोंबून वर माती लोटली होती. पहिल्या पावसानंतर तिथं बादली मावेल एवढा खड्डा झाला. तेव्हापासून शेवटचं बिल भोक भरल्याचे फोटो आल्याशिवाय निघत नाही.